तक्रारीतील राग आणि तक्रारीतील वजन



ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याला मोठ्याने बोलण्याचा अधिकार आहे, हे आपण सर्वजण जाणतो. पवित्र कुरआनच्या सूरह निसामधील 148 व्या आयतीचा आशय असा की, वाईट गोष्टीचा जाहीर उच्चार अल्लाहला आवडत नाही, मात्र पीडिताला यातून सवलत आहे. कोणाविरुद्ध अर्ज लिहायला बसलेल्या माणसाला मी शब्द आवरण्यास सांगितले की हीच आयत माझ्यासमोर ठेवली जाते. त्यांचे म्हणणे असे, की अल्लाहने ज्याला बोलण्याची मुभा दिली, त्याच्या अर्जातील संताप काढून टाकणे म्हणजे जुलमावर पांघरूण घालणे होय. आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. प्रश्न असा, की ही मुभा जेवढा जुलूम झाला तेवढ्यापुरती आहे, की एकदा जुलूम झाला म्हणजे त्या माणसाविषयी काहीही म्हणण्याची ती मोकळीक आहे?

हिजरी 676 मध्ये निधन पावलेले इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ या ग्रंथात गीबत कोणत्या सहा प्रसंगी वैध ठरते ते सांगितले आहे. त्यांतील पहिला प्रसंग ‘तजल्लुम’ म्हणजे जुलमाविरुद्ध दाद मागणे हा होय. येथे दोन मर्यादा ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, ही दाद शासक, काझी किंवा न्याय मिळवून देण्याची सत्ता अथवा ताकद असलेल्या व्यक्तीकडेच मागायची आहे. दुसरी, त्यांनी दाखवलेल्या वाक्याच्या घडणीत जुलूम करणाऱ्याच्या नावासोबत त्याचे कृत्यही येते, म्हणजे अमुक माणसाने माझ्यावर अमुक जुलूम केला. ‘अमुक माणूस जुलमी आहे’ एवढ्यावर ते वाक्य संपत नाही. कृत्य सोडून केवळ माणसाच्या स्वभावाविषयी, घराण्याविषयी किंवा नियतीविषयी जे बोलले जाते ते या सवलतीत बसत नाही. ते खरे असेल तर गीबत, आणि खोटे असेल तर बुहतान.

याच प्रकरणात विद्वान मंडळी आदरणीय हिंद बिन्ते उतबा (रजि.) यांचा प्रसंग देतात. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे पती अबू सुफियान (रजि.) यांची तक्रार केली. ते हात आखडणारे आहेत, मला व माझ्या मुलाला पुरेल एवढे देत नाहीत, त्यांच्या नकळत मी घेते तेवढेच काय ते, असा त्या तक्रारीचा आशय होता. विशेषण एकच आहे, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच वस्तुस्थिती येते, की खर्च पुरत नाही. पुढचा भाग मला अधिक विचार करायला लावतो. आपण पतीच्या नकळत पैसे घेतो, ही स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही त्यांनी लपवली नाही. आणि प्रेषित (स.) यांनी उत्तर दिले ते खर्चाच्या तुटवड्याला. रीतीप्रमाणे तुला व तुझ्या मुलाला पुरेल एवढे घे, असे त्यांनी सांगितले. पतीच्या कंजूषपणाविषयी त्यांनी काहीही निकाल दिला नाही.

हे सर्व आजच्या अर्जाला कसे लागू होते, ते एका उदाहरणाने पाहू. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या जमाअतमधील एक वृद्ध विधवा भगिनी राहतात. मुलगा, सून व दोन नातवंडे मिळून घरात पाच माणसे आहेत. त्यांची शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अशा कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे या घराला महिन्याला 25 किलो धान्य मिळायला हवे. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लावला की नोंद होते आणि पावती निघते. या घराला पावती मिळत नव्हती आणि धान्यही कमी भरत असल्याचा संशय होता. मुलाने तहसीलदारांच्या नावे दीड पानाचा अर्ज लिहिला आणि मराठी तपासून घ्यावी म्हणून माझ्याकडे आणला.

मराठी चांगलीच होती, आवेशपूर्ण होती. हा दुकानदार अट्टल चोर असून कित्येक वर्षांपासून मोहल्ल्याला लुटतो आहे. पुरवठा खात्यातील सर्वांना हप्ते पोहोचतात. आमच्या समाजावर मुद्दाम अन्याय होतो. हे सर्वांना माहीत आहे. परवाना तात्काळ रद्द न झाल्यास मोर्चा काढू. शेवटी माप कमी देणाऱ्यांविषयीच्या सूरह मुतफ्फिफीनचा उल्लेखही होता. या सगळ्यात एकच वाक्य असे होते की जे कोणी तपासू शकेल. ते म्हणजे, “मार्चमध्येही पाच किलो धान्य कमी दिले.”

आम्ही प्रत्येक वाक्यापाशी थांबून तीन गोष्टी विचारल्या. हे कोणी पाहिले? केव्हा? आणि किती? ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कारण कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाचा जाब विचारला जाईल, असा सूरह बनी इस्राईलच्या 36 व्या आयतीचा आशय आहे. आमचे तीन प्रश्न तिथूनच आलेले होते.

“कित्येक वर्षांपासून” या शब्दांपाशी मुलगा अडखळला. विचारपूस केल्यावर कळले की धान्य प्रथम तोलले ते फेब्रुवारीत, शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या काट्यावर. त्याआधी पिशवी हलकी वाटत असे, एवढेच. ‘हलकी वाटणे’ ही साक्ष होत नाही. त्यामुळे वर्षे गेली आणि महिने उरले.

मग आले ते एकमेव तपासण्याजोगे वाक्य. मी त्या भगिनींना विचारले, “खाला, मार्चला नेमके काय झाले?” त्या म्हणाल्या, “गिरणीवर वीस किलो भरले. मी परत गेले, भांडले. मग त्याने दोन किलो आणखी घातले.” मुलाने हे दोन किलो अर्जात घेतले नव्हते. त्याचे म्हणणे असे, की भांडल्यावर दिले ते दिल्यासारखे नव्हेच. पण तोलून पाहिले तर तूट पाच किलोची नसून तीन किलोची होते. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर दुकानदाराने पहिली गोष्ट हीच सांगितली असती, की मी दोन किलो नंतर दिले, विचारा त्यांना. खालांना खोटे बोलता आले नसते. त्या क्षणी संपूर्ण अर्ज खोटा ठरला असता आणि उरलेली तीन किलोंची खरी तूटही त्याच्याबरोबर गेली असती. आदरणीय हिंद (रजि.) यांनी स्वतःविरुद्धची गोष्ट आधीच सांगून टाकली होती, ती या ठिकाणी मला आठवली.

“चोर” हा शब्द मुलाला सर्वांत प्रिय होता. त्याचा राग मला समजत होता. आईच्या पदराखालून धान्य कमी होते तेव्हा कोणता मुलगा शांत राहील? तरीही ‘चोर’ म्हणणे म्हणजे हेतूविषयी साक्ष देणे होय. गिरणीचा काटा तूट सांगतो, हेतू सांगत नाही. दुकानातील काटा बिघडलेला असू शकतो. तोलणारा नोकर मालकाच्या नकळत मारत असेल. गोदामातूनच पोती कमी भरून येत असतील आणि दुकानदार ती घट गिऱ्हाइकांवर वाटत असेल. तेही चुकीचेच, पण ती वेगळी चूक आहे आणि तिचा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. आपण ‘तूट’ लिहिली तर या सर्व शक्यता तपासणे अधिकाऱ्याला भाग पडते. ‘चोर’ लिहिले तर दुकानदाराने चोरी केल्याचे सिद्ध करण्याचा भार आपण आपल्याच डोक्यावर घेतो, आणि तो पेलण्याजोगा पुरावा आपल्याकडे नसतो.

हप्त्यांचे वाक्य तर ज्या कचेरीकडे न्याय मागायचा तिच्यावरच होते. कोणी कोणाला पैसे देताना पाहिले का? नाही. असे वाक्य पहिल्याच परिच्छेदात आले की वाचणाऱ्या प्रामाणिक कारकुनाच्या मनाला ते लागते आणि अप्रामाणिक कारकुनाला ते उपयोगी पडते. सरकारी दप्तरात अशा अर्जासाठी एक शब्द ठरलेला आहे, ‘मोघम’. तक्रार मोघम स्वरूपाची असून पुरावा जोडलेला नाही, सबब दफ्तरी दाखल करावी, असा शेरा मारला की प्रकरण मिटते. आपल्या शब्दांनीच आपण त्याला ही वाट काढून दिलेली असते.

“सर्वांना माहीत आहे” हे वाक्य आम्ही लगेच खोडले नाही, ते तपासायचे ठरवले. एप्रिलमध्ये मोहल्ल्यातील व पलीकडच्या गल्लीतील पाच घरांनी दुकानातून निघून थेट त्याच गिरणीवर धान्य तोलले. तीन घरांची तूट निघाली. दोन घरांचे धान्य पूर्ण भरले. पूर्ण भरलेल्या दोहोंपैकी एक घर आपल्याच समाजाचे होते, आणि तूट निघालेल्या तिघांपैकी एक घर हिंदू होते. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

येथे थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण हा मुद्दा आपल्या घरोघरी नाजूक आहे. समाजावर मुद्दाम अन्याय होतो, हे वाक्य दरवेळी खोटे असते असे मी मुळीच म्हणत नाही. पुष्कळदा लोकांनी ते सोसलेले असते. पण जेथे ते खरे असेल तेथे ते तुलनेतून दाखवावे लागते: त्याच दिवशी, त्याच रांगेत, तशाच शिधापत्रिकेवर दुसऱ्याला किती मिळाले आणि मला किती. आमच्या हातातील पाच घरांचा कागद तसे दाखवत नव्हता, म्हणून ते वाक्य गेले. एक गोष्ट मात्र राहिली. मार्चमध्ये खाला परत गेल्या तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “तुम्हा लोकांना फुकट मिळते, तरी रड असतेच.” मुलाच्या मते हा आपल्या समाजाचा अपमान होता. ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे मुसलमानांना की मोफत धान्य घेणाऱ्या गरिबांना, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक. आम्ही त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह आणि तेथे उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या संमतीने त्याचे नाव देऊन लिहिले, आणि अर्थ लावला नाही. एखाद्या गटाच्या वैराने तुम्हाला न्यायापासून दूर नेऊ नये, हा सूरह माइदाच्या 8 व्या आयतीचा आशय आहे. आपल्याशी वैर करणाऱ्यालाही तो न्याय मिळाला पाहिजे, आणि ज्याचे वैर आपण फक्त गृहीत धरले आहे त्याला तर मिळालाच पाहिजे.

सूरह मुतफ्फिफीनचा उल्लेखही काढला. तो काढताना मुलाला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही. पण तहसीलदारांनी निर्णय द्यायचा आहे तो कायद्याच्या आधारे. आणि अर्जात प्रतिपक्षावर आयत फेकणे हे मला आयतीच्या सन्मानाला शोभणारे वाटत नाही. मोर्चाची धमकीही गेली.

उरलेला अर्ज असा झाला:

“अर्जदार प्राधान्य कुटुंब योजनेतील शिधापत्रिकाधारक असून कुटुंबात पाच सदस्य आहेत. मासिक हक्क 25 किलो आहे. माझ्या शिधापत्रिकेवर फेब्रुवारी, मार्च व एप्रिल या तिन्ही महिन्यांत प्रत्येकी 25 किलो धान्य दिल्याची ऑनलाइन नोंद आहे. तिची प्रत सोबत जोडली आहे. प्रत्यक्षात 9 फेब्रुवारी रोजी 21 किलो मिळाले. 11 मार्च रोजी 20 किलो मिळाले. त्याच दिवशी मागणी केल्यावर आणखी 2 किलो देण्यात आले. 10 एप्रिल रोजी 21 किलो मिळाले. एकूण 75 किलोंपैकी 64 किलो मिळाले, तूट 11 किलो. तिन्ही वजने दुकानाजवळील पिठाच्या गिरणीच्या काट्यावर, कापडी पिशवीसह केली आहेत. फेब्रुवारीपूर्वी वजन केले नसल्याने त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. तिन्ही वेळा पावती मागूनही मिळाली नाही. दरमहा शेवटच्या आठवड्यात धान्य उसने घ्यावे लागते. विनंती की, दुकानातील काटा व साठा यांची तपासणी व्हावी, तुटीचे धान्य मिळावे आणि यापुढे पावती देण्याविषयी आदेश व्हावेत.”

मार्चच्या संभाषणाचा परिच्छेद याच्याखाली होता. तूट निघालेल्या इतर दोन घरांनी आपापले आकडे आपापल्या स्वतंत्र अर्जात, आपल्या सहीने दिले. दीड पानाचे एक पानही राहिले नाही.

आता त्या पहिल्या आक्षेपाकडे पुन्हा पाहा. या अर्जातून जुलूम कोठे लपला? पाच किलोंचे तीन झाले ते खरे, पण एकूण तूट अकरा किलो निघाली आणि ती पहिल्या मसुद्यात कोठेच नव्हती. रागाच्या भरात ती मोजायचीच राहून गेली होती. शेवटच्या आठवड्यातील उसनवारीही त्यात नव्हती. घरातील हाल सांगणे म्हणजे भावनेचे प्रदर्शन, असे समजून कित्येक शिकलेली माणसे तेही काढून टाकतात. मला ते पटत नाही. उसने घ्यावे लागते ही घडलेली गोष्ट आहे, आणि ज्यांच्याकडून घेतले ती शेजारीण ती सांगू शकते.

मोघम आरोप दुसऱ्या बाजूने किती घातक असतात, हे इतिहासातील एका प्रसंगावरून दिसते. बुखारी शरीफमध्ये तो आला आहे. आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत कूफा येथील लोकांनी आपले राज्यपाल आदरणीय साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. त्यांना नमाजही नीट पढवता येत नाही, इथपर्यंत त्या गेल्या. आदरणीय उमर (रजि.) यांनी त्यांना पदावरून दूर केले आणि बोलावून विचारले. साद (रजि.) यांनी सांगितले, की पहिल्या दोन रकअती मी लांबवतो आणि नंतरच्या दोन आटोपशीर करतो, जशी प्रेषित (स.) यांची पद्धत होती. तो आरोप तपासण्याजोगा होता, म्हणून तो तिथेच पडला. पुढे खलीफांनी माणसे पाठवून कूफ्याच्या मशिदी-मशिदींतून चौकशी करवली. सगळीकडे साद (रजि.) यांच्याविषयी चांगलेच ऐकू आले. बनू अब्सच्या मशिदीत मात्र उसामा बिन कतादा नावाचा मनुष्य उभा राहिला आणि म्हणाला की, ते सैन्याबरोबर जात नाहीत, वाटणी समान करत नाहीत आणि निवाड्यात न्याय करत नाहीत.

हे तीन आरोप नीट पाहा. कोणती मोहीम? कोणती वाटणी, कोणाला किती कमी? कोणाच्या खटल्यात अन्याय? काहीच सांगितलेले नाही. अशा आरोपाला निर्दोष माणूस उत्तर तरी काय देणार? साद (रजि.) यांच्याजवळ दुआ करण्यावाचून काही उरले नाही, हा मनुष्य खोटा असेल आणि दिखाव्यासाठी उभा राहिला असेल तर त्याला दीर्घायुष्य, दारिद्र्य आणि परीक्षा दे, असे त्यांनी अल्लाहला विनवले. तो पुढे वृद्धापकाळी दयनीय अवस्थेत सापडला आणि आपल्याला साद (रजि.) यांची दुआ भोवल्याचे सांगत असे, असे वर्णन आहे. आणि आदरणीय उमर (रजि.) यांनी मृत्युशय्येवर पुढचा खलीफा निवडण्यासाठी ज्या सहा जणांची नावे घेतली, त्यांत साद (रजि.) होते, आपण त्यांना अक्षमता किंवा विश्वासघात यामुळे दूर केले नव्हते, असेही त्यांनी स्पष्ट केले.

तुमच्या अर्जातील दुकानदार, डॉक्टर किंवा ठेकेदार हा साद (रजि.) यांच्यासारखा सज्जन असेलच असे नाही. पण अर्ज लिहिताना तुम्हाला ते ठाऊक नसते. अकरा किलोंच्या तुटीला निर्दोष दुकानदार उत्तर देऊ शकतो, काटा तपासून घेऊ शकतो, नोकराला विचारू शकतो. “अट्टल चोर” याला तो काहीच उत्तर देऊ शकत नाही.

व्यवहारातील दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिला, रागाचा मसुदा फाडू नका. तो घरात ठेवा. रागात माणसाला पुष्कळ आठवते, आणि त्या दीड पानात दडलेले एक खरे वाक्यच आम्हाला फेब्रुवारीपर्यंत घेऊन गेले. मात्र तो मसुदा मोबाइलवरून गटागटांत पाठवू नका. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला आपल्या देशाच्या कायद्यानेही बदनामीच्या गुन्ह्यातून वगळले आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 499 च्या आठव्या अपवादात ते होते आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. इमाम नववी (रह.) यांची मर्यादाही जवळपास हीच आहे. चारशे जणांच्या गटात न्याय देण्याचा अधिकार कोणालाच नसतो. दुसरी गोष्ट अशी, की अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेऊन पोच घ्या. तहसीलमध्ये दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग ही दारे याच कायद्याने उघडी ठेवली आहेत, आणि तेथे पहिल्यांदा विचारली जाते ती ही पोच.

खालांच्या अर्जावर पुरवठा निरीक्षक आले ते आधी दुकानात न जाता गिरणीवर गेले. त्यांनी तेथील काट्यावर आपल्याबरोबर आणलेले प्रमाणित वजन ठेवून पाहिले, मग खालांची कापडी पिशवी मागवून रिकामीच तोलली, आणि आकडा वहीत लिहून ते दुकानाकडे निघाले.